चंद्राची एकच बाजू का दिसते?

(शिक्षकांपुढे बालाघाट येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)

कोजागिरीच्या रात्री वैनगंगेच्या काठावर जमलेली मुले चंद्रावरचा ससा शोधतात. त्यांच्या आजोबांनी तोच ससा पाहिला, आजोबांच्या आजोबांनीही तोच पाहिला. मुलांपैकी एखादा चौकस मुलगा मग हमखास विचारतो की, चंद्र गोल आहे तर त्याची पाठ कधीच का दिसत नाही? या प्रश्नाला दोन उत्तरे दिली जातात. घरी सांगतात, चंद्र स्वतःभोवती फिरतच नाही. शाळेतले पुस्तक सांगते, चंद्राचे परिवलन आणि परिभ्रमण यांना सारखाच काळ लागतो. पहिले उत्तर चुकीचे आहे. दुसरे बरोबर आहे, परंतु ते पाठ होते, पटत नाही. कारण त्यातून दोन शंका उभ्या राहतात. चंद्र खरोखर फिरतो याला पुरावा काय, आणि दोन काळ इतके तंतोतंत जुळले कसे? योगायोगाने असे जुळणे संभवनीय वाटत नाही, आणि तसे ते जुळलेलेही नाहीत.

पहिल्या शंकेपासून आरंभ करणे सोयीचे. बालाघाट हा धानाचा जिल्हा. खळ्याच्या मध्यावर मेढ रोवून तिच्याभोवती बैलांची पात फिरविण्याची रीत आता यंत्रांमुळे मागे पडत असली, तरी ती अद्याप कोणाला समजावून सांगावी लागत नाही. मेढेपाशी उभ्या असलेल्या माणसाला बैलाची डावी कूस तेवढी दिसते, उजवी कधीच दिसत नाही. पण खळ्याच्या बाहेर बांधावर बसलेल्याला काय दिसते? बैलाचे तोंड एकदा पूर्वेला होते, मग उत्तरेला, मग पश्चिमेला, मग दक्षिणेला. एका फेरीत बैल चारही दिशांना तोंड करून येतो, म्हणजेच स्वतःभोवतीही एकदा वळतो. तो वळला नसता, पूर्वेकडे तोंड ठेवूनच कधी आडवा तर कधी मागे सरकत मेढेभोवती गेला असता, तर मेढेपाशी उभ्या असलेल्याला त्याच्या दोन्ही कुशी, तोंड आणि शेपूट असे सर्व काही आळीपाळीने दिसले असते. चंद्र न फिरता पृथ्वीभोवती जाता, तर त्याची सर्व बाजू महिन्याभरात दृष्टीस पडली असती. एकच बाजू दिसते हेच तो फिरत असल्याचे लक्षण आहे. ताऱ्यांच्या संदर्भात पाहिले तर पृथ्वीभोवतीची एक फेरी आणि स्वतःभोवतीची एक फेरी, दोहोंनाही २७.३२ दिवस लागतात.

तरीही चिकित्सक विद्यार्थी येथे थांबणार नाही, आणि त्याने थांबू नये. तो म्हणेल, बैल दाव्याने मेढेला बांधलेला आहे. त्याचे वळणे ही वेगळी गती नव्हेच, ती दाव्याने लादलेली गोष्ट आहे. चंद्रही तसाच एखाद्या अदृश्य दाव्याने पृथ्वीला बांधलेला असेल, तर त्याला स्वतःची फिरकी आहे असे म्हणण्यात अर्थ काय? हा आक्षेप खोल आहे. त्याचे उत्तर शब्दांनी न देता आकाशातच दाखविता येते. परंतु त्यापूर्वी त्या दाव्याचे स्वरूप पाहिले पाहिजे.

चंद्र पृथ्वीपासून सरासरी ३,८४,४०० किलोमीटर अंतरावर आहे आणि त्याची त्रिज्या १,७३७ किलोमीटर आहे. चंद्राचा पृथ्वीकडील भाग त्याच्या मध्यापेक्षा त्रिज्येइतका जवळ, आणि पलीकडील भाग तितकाच दूर. अंतर वाढले की ओढ कमी होते, म्हणून जवळच्या भागावर पृथ्वीची ओढ मध्यापेक्षा सुमारे ०.९ टक्क्यांनी अधिक, आणि दूरच्या भागावर जवळपास तितक्याच प्रमाणात उणी पडते. हा फरक दिसायला किरकोळ आहे. पण त्यामुळे सबंध चंद्र पृथ्वीच्या दिशेने किंचित ताणला जातो आणि त्याला समोरासमोर दोन फुगवटे येतात. समुद्राच्या भरतीचे कारण हेच. चंद्रावर समुद्र नाही, तेव्हा भरती येते ती खडकालाच. पृथ्वीचे वस्तुमान चंद्राच्या एक्क्याऐंशी पट असल्यामुळे चंद्रावर पृथ्वीचा हा ताण, चंद्राच्या पृथ्वीवरील ताणाच्या सुमारे बावीस पट पडतो.

आता असा काळ डोळ्यांपुढे आणावा की, सुमारे साडेचारशे कोटी वर्षांपूर्वी चंद्र नुकताच घडला आहे, आजच्यापेक्षा पृथ्वीच्या पुष्कळ जवळ आहे, आणि स्वतःभोवती भराभर फिरतो आहे. खडक ताणला जातो, पण क्षणात ताणला जात नाही आणि क्षणात पूर्ववतही होत नाही. आतल्या घर्षणामुळे त्याला थोडा वेळ लागतो. फुगवटा पृथ्वीच्या अगदी समोर यावा, पण तो पुरता उठेपर्यंत चंद्राची फिरकी त्याला थोडे पुढे घेऊन जाते. अशा वेळी पृथ्वीकडचा फुगवटा रेषेच्या पुढे निघालेला असतो आणि पृथ्वी त्याला मागे ओढते. पलीकडच्या फुगवट्यावरील ओढ उलट दिशेने वळवू पाहते, पण तो दूर असल्यामुळे ती ओढ दुबळी ठरते. दोहोंची वजाबाकी झाल्यावर जे उरते ते फिरकीच्या विरुद्ध असते. फिरत्या चाकावर कोणी सतत हात टेकवून ठेवावा तसा हा प्रकार आहे. चाकाची गती उष्णतेत जाते आणि चाक मंदावत जाते.

हा ब्रेक कोठवर लागत राहील? फिरकी आणि फेरी यांचा काळ सारखा होईपर्यंत. तेवढा झाला की फुगवटा पृथ्वीसमोर स्थिर राहतो, पुढे नेला जात नाही, आणि मागे ओढण्यासारखे काही उरत नाही. समजा, फिरकी याहूनही मंद झाली. मग फुगवटा रेषेच्या मागे पडेल आणि पृथ्वीची ओढ त्याला पुढे खेचून फिरकी वाढवील. म्हणजे दोन्हीकडून चंद्र त्याच एका स्थितीकडे ढकलला जातो. खोलगट परातीतील गोटी कोठूनही सोडली तरी तळाशीच येऊन ठरते, तशी ही अवस्था आहे. दोन काळ ‘जुळले’ असे म्हणण्यापेक्षा ते जुळविले गेले असे म्हणणे योग्य. शिवाय हा परिणाम अंतरावर विलक्षण अवलंबून आहे. अंतर निम्मे असेल तर ताण आठपट होतो, फुगवटाही आठपट, आणि त्या फुगवट्यावर चालणारा ब्रेक चौसष्टपट. चंद्र जवळ असतानाच हे काम उरकले गेले. भूशास्त्राच्या मापाने त्याला फार थोडा काळ लागला.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पृथ्वीने चंद्राची फिरकी बांधली ती सरासरीने. प्रत्येक दिवशी, प्रत्येक तासाला चंद्राने तिच्याकडे तोंड ठेवावे, असा काही तिचा हुकूम चालत नाही. चिकित्सक विद्यार्थ्याच्या आक्षेपाचे उत्तर या फटीतच आहे.

चंद्राची कक्षा वर्तुळ नसून किंचित लंबवर्तुळ आहे. उपभूच्या, म्हणजे पृथ्वीला सर्वांत जवळच्या, बिंदूपाशी तो सुमारे ३,६३,००० किलोमीटरवर येतो आणि अपभूला सुमारे ४,०५,००० किलोमीटरवर जातो. जवळ असता तो वेगाने चालतो, दूर असता सावकाश. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये ‘सिद्धान्तशिरोमणि’ लिहिला तेव्हा चंद्राची ही असमान चाल आणि तिच्यासाठी करावयाचा मंदफल-संस्कार भारतीय ज्योतिषाला चांगला परिचित होता. कक्षेतील चाल अशी कमी-अधिक होते. स्वतःभोवतीची फिरकी मात्र एकसारखी चालते, कारण एवढ्या मोठ्या गोळ्याला आठवड्याभरात वेग वाढविणे आणि पुन्हा कमी करणे शक्य नाही.

आता हिशेब मांडावा. एका उपभूपासून पुढच्या उपभूपर्यंत सुमारे साडेसत्तावीस दिवस जातात. त्यांचा चतुर्थांश म्हणजे सहा दिवस एकवीस तास. उपभूपासून एवढा काळ लोटला की चंद्र स्वतःभोवती एक चतुर्थांश, म्हणजे ९० अंश वळलेला असतो. परंतु कक्षेत तो जलद चालीने सुमारे ९६ अंश पुढे गेलेला असतो. तोंड वळविण्यात तो सहा अंश मागे पडला. परिणामी त्याच्या पूर्व कडेपलीकडचा एरवी न दिसणारा थोडा भाग पृथ्वीवरून दिसू लागतो. अपभूनंतर आठवड्याने याच्या उलट घडते आणि पश्चिम कडेचा भाग डोकावतो. सूर्याच्या ओढीमुळे कक्षेचा लांबटपणा कमी-अधिक होत असल्याने हे डोलणे कधीकधी आठ अंशांच्या जवळ जाते. चंद्राचा आस त्याच्या कक्षेच्या पातळीशी काटकोनात नसून साडेसहा अंशांहून थोडा अधिक कललेला आहे. म्हणून उत्तर व दक्षिण ध्रुवांपलीकडचा भागही आळीपाळीने दिसतो. सर्व मिळून चंद्राचा निम्मा नव्हे, तर ५९ टक्के पृष्ठभाग केव्हा ना केव्हा पृथ्वीवरून दिसतो. दाव्याने बांधलेला बैल असा डोलू शकत नाही. डोलणे दिसते, याचा अर्थ फिरकी आणि फेरी या दोन वेगळ्या गती आहेत.

हे पाहण्यासाठी वेधशाळेत जाण्याची आवश्यकता नाही. साधी दुर्बीण, म्हणजे दोन्ही डोळ्यांना लावावयाची, आणि घरातील पंचांग एवढी सामग्री पुरते. चंद्राच्या पूर्व कडेजवळ, जी आकाशात पश्चिमेकडे असते, उत्तरेच्या बाजूला एक सुटा, लंबगोल, काळसर डाग आहे. इतर डाग एकमेकांत मिसळलेले असल्यामुळे हा सहज ओळखू येतो. त्याचे नाव मारे क्रिसियम, म्हणजे संकटांचा सागर. तो लाव्हाचे सुमारे साडेपाचशे किलोमीटर रुंदीचे मैदान आहे. प्रत्यक्षात तो पूर्व-पश्चिम लांब आहे, पण कडेजवळ असल्यामुळे तिरपा दिसतो आणि उत्तर-दक्षिण लांब भासतो. शुद्ध पंचमीच्या सुमारास तो पुरता उजेडात येतो आणि वद्य द्वितीयेपर्यंत दिसत राहतो.

उपभू केव्हा आली हे पंचांगावरून कळते, हे पुष्कळांच्या लक्षात आलेले नसते. नक्षत्राचा विभाग नेहमी १३ अंश २० कलांचा. तो ओलांडण्यास चंद्राला जलद असताना एकवीस-बावीस तास लागतात, मंद असताना सव्वीस-सत्तावीस. पंचांगात प्रत्येक नक्षत्राची समाप्तीची वेळ दिलेली असते. लागोपाठच्या दोन वेळांची वजाबाकी करीत गेले की, सर्वांत अल्पायुषी नक्षत्र सापडते. त्याच दिवसांत उपभू. सर्वांत दीर्घ नक्षत्र जेथे, तेथे अपभू. मुलांना ही वजाबाकी करावयास लावण्यात गणिताचा तासही कारणी लागतो.

सर्वांत उत्तम संधी अशी की, सर्वांत लहान नक्षत्र अमावास्येच्या आसपास यावे. अशा महिन्यात पुढची शुद्ध अष्टमी उपभूनंतर आठवड्याने येते, चंद्र संध्याकाळीच उंचावर असतो, आणि उपभू अमावास्येला आल्यास सूर्याच्या ओढीमुळे कक्षा अधिक लांबट होऊन डोलणेही मोठे होते. त्या सायंकाळी कागदावर दहा सेंटिमीटर व्यासाचे वर्तुळ काढून त्यात संकटसागर जेथे दिसतो तेथे नोंदवावा. त्याचा मध्य कडेपासून सुमारे एक सेंटिमीटर आत येईल. यानंतर सात चांद्रमासांनी स्थिती पालटते आणि अमावास्येला सर्वांत दीर्घ नक्षत्र येऊ लागते. त्या शुद्ध अष्टमीला पुन्हा तसेच वर्तुळ काढले, तर तो मध्य कडेपासून अवघा चार मिलिमीटर आणि डागाची बाहेरची किनार बिंबाच्या कडेला जवळजवळ टेकलेली दिसेल. एवढा फरक नवशिक्यालाही चुकत नाही. पहिली नोंद कार्तिकात झाली तर दुसरी ज्येष्ठात, पावसाळी ढग सातपुड्यावर चढण्यापूर्वी, घेता येते. मध्ये अधिक मास आला तर ती वैशाखात येईल. ही जोडी दरवर्षी त्याच महिन्यात येत नाही, ती साधारण दोन महिन्यांनी पुढे सरकते. म्हणून वजाबाकी प्रत्येक वर्षी नव्याने करावी लागते. बालाघाटात एक अडचण मात्र येते. मराठी घरातील पंचांगात महिना अमावास्येला संपतो, शेजारच्या हिंदी घरात पौर्णिमेला. सुदैवाने शुद्ध पक्षात दोन्हीकडे महिन्याचे नाव एकच असते, म्हणून नोंदीवर मासाबरोबर ‘शुद्ध अष्टमी’ लिहिले की घोळ होत नाही.

अशा निरीक्षणात चुका होतात त्या बहुधा दोनच प्रकारच्या. पहिली, ससा फिरल्याचा भास. उगवताना ससा एका बाजूला कललेला दिसतो आणि मावळताना दुसऱ्या बाजूला. बालाघाटच्या अक्षांशावरून एका रात्रीत त्याचा कल सव्वाशे अंशांहूनही अधिक बदलू शकतो. यात चंद्र मुळीच वळलेला नसतो. पृथ्वीबरोबर पाहणाऱ्याची मान वळलेली असते. डागाचे कडेपासूनचे अंतर मोजले तर ते दोन्ही वेळा जवळपास तेच भरते. म्हणून कल मोजू नये, अंतर मोजावे. दुसरी चूक, उजेड-अंधाराची सीमारेषा हीच कड समजणे. शुद्ध अष्टमीला खरी गोल कड पश्चिमेकडची असते आणि सरळ दिसणारी रेषा केवळ चंद्रावरच्या सूर्योदयाची असते. संकटसागर गोल कडेजवळ असल्यामुळे ही चूक येथे टळते. पौर्णिमेनंतर काही दिवसांनी काढलेल्या चित्रात ती हटकून होते.

न दिसणाऱ्या बाजूस पुष्कळदा ‘अंधारी बाजू’ म्हणतात. हा शब्द शिक्षकांनी तरी टाकावा. चंद्र सूर्यासमोर फिरतो, म्हणून त्या बाजूलाही सुमारे पंधरा दिवस ऊन आणि पंधरा दिवस रात्र असते. अमावास्येला येथे चंद्र दिसत नाही त्या वेळी ती बाजू भर उन्हात असते. मानवाने ती प्रथम पाहिली ऑक्टोबर १९५९ मध्ये, सोव्हिएत लूना-३ यानाने पाठविलेल्या छायाचित्रांत. त्या छायाचित्रांत काळसर सागर अगदीच थोडे निघाले. ससा काढण्याजोगे काही तेथे नव्हतेच.

या बांधलेपणाचा परिणाम प्रत्यक्ष कामातही भोगावा लागतो. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रयान-३ चा विक्रम चंद्राच्या दक्षिण भागात, सुमारे ६९ अंश दक्षिण अक्षांशावर, पण पृथ्वीकडील बाजूसच उतरला. त्या ठिकाणाहून पाहिले तर पृथ्वी उत्तरेकडे क्षितिजापासून सतरा अंशांच्या आसपास लटकलेली दिसते. ती उगवत नाही, मावळत नाही, डोलण्यामुळे काही अंश वरखाली आणि आजूबाजूला सरकते एवढेच. म्हणून विक्रमाला संदेश थेट पृथ्वीकडे पाठविता आले. जानेवारी २०१९ मध्ये चीनचे चांग-अ-४ हे यान मागच्या बाजूस उतरले, तेव्हा तेथून पृथ्वी कधीच दिसणार नसल्यामुळे संदेशांची देवघेव करण्यासाठी वेगळा उपग्रह आधीच पाठवून ठेवावा लागला होता.

विक्रमाच्या जागेवरून दिसणारी ती पृथ्वी मात्र एकच बाजू दाखवीत बसत नाही. ती चोवीस तासांत संपूर्ण फिरून दिसते; भारत मावळतो, आफ्रिका येते. चंद्रही पृथ्वीच्या फिरकीवर तोच ब्रेक लावीत आहे, फक्त तो फार हलका आहे. चंद्राच्या आणि सूर्याच्या ओढीने बालाघाटची जमीनसुद्धा दिवसातून दोनदा वीत-दीड वीत उंचावते व खाली येते; सभोवतालचे सर्व काही एकदमच उचलले जात असल्याने ते कोणाच्या ध्यानात येत नाही. समुद्राच्या भरतीसह या सर्व घर्षणापोटी शंभर वर्षांत दिवस सुमारे दोन मिलिसेकंदांनी लांबतो. पृथ्वीची गेलेली गती चंद्राच्या कक्षेत जमा होते, आणि चंद्र दरवर्षी ३.८ सेंटिमीटर दूर सरकतो. हे अंतर अनुमानाचे नाही. १९६९ मध्ये अपोलो-११ च्या यात्रिकांनी चंद्रावर ठेवलेल्या परावर्तकावर लेसर किरणांचे झोत टाकून ते परत यायला लागणारा वेळ तेव्हापासून मोजला जात आहे. त्याच मोजमापात चंद्राचे डोलणेही स्वच्छ उमटते, कारण चंद्र किंचित वळला की कडेकडील परावर्तक पृथ्वीपासून जवळ येतात किंवा दूर जातात.